प्रोलॅक्टिन वाढलंय, पण कशामुळे?

सकाळी ८:००
दवाखान्याखालच्या लॅबमध्ये रक्त द्यायला बायका येऊन बसल्यात. तासगावहून पहिल्या एसटीनं आलेली एक जण धापा टाकत आत आली आणि तिनं लगेच हात पुढं केला. तिला पंख्याखाली वीस मिनिटं बसवलं. प्रोलॅक्टिन झोपेत वाढलेलं असतं. जाग आल्यावरही काही वेळ ते चढेच राहतं, आणि धावपळीनं, भीतीनंही वाढतं. उठून दोन तास झाल्यावर, निवांत बसून रक्त दिलं तर आकड्यावर विश्वास ठेवता येतो. लॅबमधला मुलगा आता न सांगताच विचारतो, "ताई, केस गळतीच्या गोळ्या चालू आहेत का?" त्यातलं बायोटिन थायरॉइडच्या रिपोर्टमध्येही घोटाळा करतं.

१०:३०
सत्तावीस वर्षांची मुलगी, सोबत सासू. लग्नाला तीन वर्षं झालीत. पाळी पन्नास-साठ दिवसांनी येते, दिवस राहत नाहीत. फाइल जाडजूड. प्रोलॅक्टिन ६२, म्हणजे पंचविसाच्या आसपासच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे पिट्युटरीचा एमआरआयही झालाय आणि ग्रंथी मोठी दिसतेय.

"मॅडम, डोक्यात गाठ आहे म्हणतात. ऑपरेशन करावं लागेल का हो?" सासूबाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

सगळी फाइल चाळली. टीएसएच कुठंच नाही. एमआरआयचे हजारो रुपये खर्च झाले आणि काहीशे रुपयांची तपासणी राहून गेली.

मुलीला थंडी सहन होत नाही, पोट साफ होत नाही, कातडी खरखरीत झालीय. तिला खुर्चीवर गुडघे टेकून बसवलं, पावलं मागं मोकळी सोडायला सांगितली आणि टाचेवरच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण जागेवर मात्र अगदी सावकाश, रेंगाळत आलं. थायरॉइड बरंच कमी असलं की हे दिसतं. टीएसएचसाठी तिला लगेच खाली पाठवलं.

१२:१५
एका शिक्षिकेच्या स्तनातून दुधासारखा स्राव येतो, प्रोलॅक्टिन ११०. अशा वेळी मी पर्स उघडायला सांगते. आतून पित्ताच्या कॅप्सूलचं पाकीट निघालं. मागची बारीक अक्षरं भिंगातून वाचली: रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. यातलं दुसरं औषध प्रोलॅक्टिन वाढवतं, डॉम्पेरिडोनही तेच करतं. बाई म्हणाल्या, "पण ही पित्ताचीच आहे ना?" पित्ताचीच आहे, म्हणून तर पाळीच्या डॉक्टरला कुणी तिच्याबद्दल सांगत नाही. पित्तासाठी नुसती साधी गोळी लिहून दिली, चार दिवसांनी परत रक्त. मानसिक आजाराचं औषध असतं तर असं परस्पर बंद केलं नसतं, आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला असता.

३:००
सकाळच्या मुलीचा रिपोर्ट आला, टीएसएच ८४.

थायरॉइड कमी पडलं की मेंदू टीआरएच नावाचा संदेश जोरात पाठवू लागतो. तो असतो थायरॉइडला जागं करण्यासाठी, पण पिट्युटरीतल्या प्रोलॅक्टिनच्या पेशीही त्याच हाकेला ओ देतात. वाढलेलं प्रोलॅक्टिन अंडाशयाकडे जाणारा मेंदूचा इशारा दाबतं, अंडं वेळेवर फुटत नाही, पाळी लांबते. इकडे टीएसएच बनवून बनवून पिट्युटरी फुगते आणि एमआरआयवर गाठीसारखी दिसते. थायरॉइडच्या गोळीनं ही सूज काही महिन्यांत उतरते. म्हणून टीएसएच पाहिल्याशिवाय प्रोलॅक्टिन कमी करायची गोळी लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

"मावशी, ऑपरेशन नाही. रोज एक गोळी."

वजन ५८ किलो, हृदयाची तक्रार नाही. किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, म्हणून १००ची गोळी. उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर.

"चहाबरोबर चालेल का?"

"नाही. चहा तासाभरानं. आणि लोहाची, कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर."

सहा आठवड्यांनी टीएसएच आणि प्रोलॅक्टिन दोन्ही पुन्हा बघायचं. टीएसएच अडीचच्या खाली येईपर्यंत दिवस राहू न दिलेले बरे. पुढं कधी पाळी चुकली तर लगेच कळवायचं, कारण गरोदरपणात हा डोस बहुधा पहिल्या आठवड्यांतच वाढवावा लागतो. आणि टीएसएच ताळ्यावर येऊनही प्रोलॅक्टिन चढंच राहिलं, तर पिट्युटरीचा विचार नव्यानं करायचा.

५:३०
खऱ्या गाठीची एक पेशंट. तिचं प्रोलॅक्टिन २४० होतं आणि थायरॉइड ठीक. कॅबरगोलिनची अर्धी गोळी आठवड्यातून दोनदा, रात्री जेवणानंतर. सुरुवातीला चक्कर यायची, आता पाळी महिन्याच्या महिन्याला येते. डोकं दुखतं का, कडेचं नीट दिसतं का, एवढं विचारून सोडलं.

७:४५
सासूबाईंचा फोन. "मॅडम, गोळ्यांची बाटली आणली, पण चिठ्ठीवर १०० आहे आणि हिच्यावर २५."

"पंचवीस म्हणजे बाटलीतल्या गोळ्या असतील. ताकदीचा आकडा वेगळा असतो, तो वाचा."

"तोच २५ आहे."

"मग दुकान बंद व्हायच्या आत जा आणि बदलून आणा. उद्या सकाळी १००चीच सुरू करायची."