चालणाऱ्याने स्मार्टवॉच घ्यावे की साधा फिटनेस बँड?

फजरनंतर मांडवीच्या किनाऱ्यावर चालताना आम्हा पन्नाशीकडे झुकलेल्यांत हा विषय हमखास निघतो. पावले, नाडी आणि झोप एवढेच पाहायचे असेल, तर आमच्या मते साधा बँड पुरे.

दोन्हींची पद्धत एकच. हाताच्या हालचालीवरून पावले मोजली जातात, मागच्या हिरव्या दिव्याने त्वचेखालच्या रक्तप्रवाहावरून ठोके. झोपेचा अंदाज या दोन्हींवरून बांधला जातो. खरा फरक चार्जिंगचा. बरीच महागडी स्मार्टवॉच एक-दोन दिवसांत उतरतात, मग रात्री चार्जिंगला लावली की झोपेची नोंदच राहते. बँड बहुधा आठवडाभर चालतो, हलका असल्याने झोपेत टोचतही नाही. फोन घरी ठेवून जीपीएसने अंतर मोजायचे असेल किंवा ईसीजी हवा असेल, तर मात्र ती सोय असलेले घड्याळच बघा.

घेतल्यावर तपासा. मनात मोजत 100 पावले चाला आणि आकडा पाहा. मग त्याच हातात बाजाराची पिशवी धरून पुन्हा चाला. हात हलत नाही, म्हणून आकडा कमी भरतो. नाडीसाठी शांत बसून मनगटावर बोट ठेवा, 30 सेकंद ठोके मोजून दुप्पट करा. मोठा फरक आला तर पट्टा सैल असेल. तो हाडाच्या बोटभर वर, जरा घट्ट बांधा.

छातीत दुखले, तर आकडा बरोबर दिसला तरी डॉक्टरांकडेच जा.