टार्टचा तळ ओला का राहतो?

आंब्याच्या दिवसांत आमच्या गटाला सहा टार्टची ऑर्डर आली होती. वरचं आंब्याचं कस्टर्ड छान जमलं, पण सुरी घातली तर खाली मैदा कच्चा आणि चिकट. सहाही टार्ट परत आले. आमची चूक एवढीच, की कच्च्या पारीतच पातळ सारण ओतून आम्ही दोन्ही एकदम भाजलं होतं. सारणाच्या ओलाव्यात पारीला भाजायला वावच मिळत नाही. म्हणून पारी आधी रिकामी भाजायची. बेकरीत याला ब्लाइंड बेकिंग म्हणतात.

पण नुसती रिकामी भाजली तर आणखी वेगळीच गंमत होते. पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि तळ पुरीसारखा फुगतो. लोणी वितळून कडा घसरतात. त्यासाठी आत वजन हवं. बाजारात मातीचे मणी मिळतात, आम्ही मात्र सुके काबुली चणे वापरतो.

नऊ इंची साच्याला २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड लोणी, चिमूटभर मीठ आणि तीन-चार चमचे गार पाणी लागतं. फार मळू नका, नाहीतर पारी आकसते. लाटून साच्यात बसवली की काट्याने टोचे मारा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग चुरगाळून मऊ केलेला बटर पेपर अंथरून चणे काठोकाठ भरा, पाऊण ते एक किलो बसतात. मूठभर चणे मधोमध टाकून काही होत नाही, कडांना आधार हवा.

ओव्हन १९० अंशांवर आधी तापलेला असावा, वरखालचे दोन्ही रॉड चालू आणि साचा खालच्या जाळीवर. वीस मिनिटांनी कागदाचं टोक उचलून बघा. कागद पारीला चिकटत असेल तर अजून चार-पाच मिनिटं थांबा. सुटला की चणे काढून घ्या. तळ अजून पांढरट आणि ओलसर चकाकणारा दिसेल. इथेच आमच्यातल्या बऱ्याच जणी थांबायच्या. पारी १८० अंशांवर उघडीच आणखी दहा मिनिटं भाजा. चकाकी गेली, बिस्किटासारखा फिकट रंग आला आणि बोटाला तळ कोरडा लागला, की झाली. गरम असतानाच अंड्याचा पांढरा बलक पातळ फासून दोन मिनिटं परत आत ठेवा. त्याचा पापुद्रा ओल अडवतो.

मग कस्टर्ड भरून १६० अंशांवर, मध्यभाग किंचित थरथरेपर्यंत भाजा. आधी शिजवलेलं, पुन्हा न भाजायचं सारण असेल तर पारी पहिल्यापासूनच पूर्ण सोनेरी करावी लागते. कशीही भाजली तरी भरलेला टार्ट त्याच दिवशी संपवलेला बरा, दुसऱ्या दिवशी तळ मऊ पडतोच.

ते चणे आमटीत मात्र टाकू नका, ते आता शिजत नाहीत. बरणीवर नाव लिहून पुढच्या खेपेला ठेवा.