घामाचा हिशेब: पाणी, मीठ आणि शहाळे

घाम येण्याने अंग थंड होत नाही. घाम वाळण्याने होते. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सत्तर किलो वजनाचा माणूस तासाला नऊ किलोमीटर या वेगाने धावत असेल, तर त्याच्या शरीरात तासाला साधारण ५०० किलोकॅलरी उष्णता तयार होते. म्हणजे सगळा घाम वाळणार असेल, तर तासाला एक लिटरही लागू नये. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे बऱ्याच अंशी खरे ठरते. तिथे घाम आल्याआल्या उडून जातो, कपडे फारसे भिजत नाहीत आणि किती पाणी गेले याचा पत्ताही लागत नाही. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीला मे महिन्यात, पावसाच्या उघडिपीत आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हवाच बाष्पाने भरलेली असते. घाम वाळायला जागा मिळत नाही, तो हनुवटीवरून, कोपरांवरून निथळतो. निथळलेला घाम उष्णता नेत नाही. शरीर मात्र तेवढ्यावर थांबत नाही. अंग थंड होत नाही म्हणून ते आणखी घाम सोडते. दमट हवेतला खरा तोटा हाच आहे: पाणी आणि मीठ दोन्ही जाते आणि बदल्यात गारवा पुरेसा मिळत नाही.

पहाटे धावल्याने हा प्रश्न अर्धाच सुटतो. सूर्य डोक्यावर नसतो आणि तापमान काही अंशांनी कमी असते, एवढा फायदा नक्की होतो. पण किनारपट्टीवर हवेतले बाष्प पहाटेही जवळजवळ तेवढेच असते, आणि हवा गार असल्यामुळे सापेक्ष आर्द्रता तर पहाटेच सर्वांत जास्त असते. म्हणून साडेपाचला घराबाहेर पडलेला धावपटूही सातच्या आत ओलाचिंब झालेला दिसतो.

घाम नेमका किती जातो, हे माणसागणिक इतके वेगळे असते की सगळ्यांना लागू पडेल असा आकडा सांगता येत नाही. एकत्र धावणाऱ्या दोघांपैकी एकाचा तासाला अर्धा लिटर जातो, दुसऱ्याचा दीड. मोजण्याची रीत मात्र सोपी आहे आणि त्यासाठी घरातला वजनकाटा पुरतो. धावण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करायचे. वाटेत किती पाणी प्यायले ते बाटलीवरून मोजून ठेवायचे. परत आल्यावर घामाने ओले झालेले कपडे काढून, अंग पुसून पुन्हा वजन करायचे. कमी झालेले वजन अधिक प्यायलेले पाणी, एवढा घाम गेला. एक किलो म्हणजे एक लिटर, असे धरायला हरकत नाही.

मुंबईत ऑक्टोबरमध्ये अडीच तास धावणाऱ्या एका काल्पनिक धावपटूचा हिशेब मांडून पाहू. निघताना वजन ७० किलो, परतल्यावर ६७.९, वाटेत प्यायलेले पाणी ७५० मिलिलिटर. वजनातली घट २.१ किलो आणि वरचे पाऊण लिटर मिळून २.८५ लिटर घाम गेला, तासाला १.१ लिटरहून थोडा अधिक. वजनातली घट तीन टक्के झाली. दोन टक्क्यांच्या पुढे गेले, विशेषतः उकाड्यात, की रक्ताचे आकारमान कमी झाल्यामुळे त्याच वेगाला हृदय जास्त जोरात धडधडते, अंग अधिक तापते आणि तोच वेग जड वाटू लागतो. या धावपटूने तासाला ६०० मिलिलिटर, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी साधारण १५० मिलिलिटर घेतले असते, तर घट १.३५ किलोवर, दोन टक्क्यांच्या आत राहिली असती. गेलेला सगळा घाम धावता धावता भरून काढण्याची गरज नसते. तसा प्रयत्नही करू नये, कारण हलणाऱ्या पोटातून तासाला एक लिटरपेक्षा फारसे पाणी पुढे सरकत नाही. उरलेले डचमळत राहते आणि मळमळ सुरू होते.

आता मीठ. घाम खारट लागतो तो त्यातल्या सोडियम आणि क्लोराइडमुळे, म्हणजेच आपल्या रोजच्या मिठामुळे. एक लिटर घामात सरासरी एक ग्रॅमच्या आतबाहेर सोडियम असते; काहींच्या घामात त्याच्या निम्मे, काहींच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक. ज्यांच्या गडद टी-शर्टवर वाळल्यानंतर पांढरे पट्टे उमटतात, डोळे घामाने चुरचुरतात, त्यांचा घाम बहुधा खारट गटातला असतो. वरच्या धावपटूचे सुमारे २.६ ग्रॅम सोडियम गेले. मिठाच्या भाषेत ते साडेसहा ग्रॅम, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याहून किंचित जास्त. पोटॅशियम मात्र घामातून फार कमी जाते, लिटरला साधारण ०.२ ग्रॅम. त्याच्या पावणेतीन लिटर घामातून सगळे मिळून ते जेमतेम ०.६ ग्रॅम गेले.

शहाळ्याची जागा याच दोन आकड्यांवरून ठरते. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम सुमारे २५० मिलिग्रॅम असते. सोडियम फळाची जात, वय आणि जमीन यांप्रमाणे बरेच बदलते, पण बहुधा २० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहते. म्हणजे अडीच तासांत गेलेले सगळे पोटॅशियम एका मध्यम शहाळ्यातून परत मिळते. तेच सोडियमबाबत करायचे ठरवले आणि १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम धरले, तर पाच लिटरहून अधिक पाणी, म्हणजे वीसेक शहाळी लागतील. शहाळे हे उत्तम पेय आहे. त्यात हलकी साखर असते, ते चवीला बरे लागते, झाडावरून थेट हाती येते आणि धावून आल्यावर पोटाला जड होत नाही. पण घामाने जे सर्वांत जास्त नेले, तेच त्यात सर्वांत कमी असते. म्हणून ते चिमूटभर मीठ घालून प्यावे किंवा खारट नाश्त्याबरोबर घ्यावे. शहाळे प्यायलो म्हणजे क्षार भरून निघाले, ही समजूत किनारपट्टीवर फार खोल रुजलेली आहे आणि ती अर्धवट खरी असल्यामुळेच सहजी जात नाही.

वाटेत घ्यायचे पेय घरी करता येते. एक लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ (सुमारे दीड ग्रॅम), दहा ते बारा सपाट चहाचे चमचे साखर आणि एका लिंबाचा रस. यात सोडियम साधारण ०.६ ग्रॅम आणि साखर पाच टक्क्यांच्या आसपास येते. साखर केवळ ताकदीसाठी नसते. लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. जुलाबावरच्या जलसंजीवनीची पावडर, म्हणजे ओआरएस, याच तत्त्वावर बनली आहे. तिच्यात मीठ जास्त आणि साखर कमी असते, कारण ती जुलाबातून होणाऱ्या नुकसानीसाठी ठरवलेली आहे. फार खारट घाम येणाऱ्याला तीही चालते, मात्र पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच ती विरघळवावी. साखर आठ टक्क्यांच्या वर नेली, तर पोट रिकामे व्हायला वेळ लागतो; गोड शीतपेये आणि डब्यातले रस म्हणूनच धावताना त्रास देतात. सैंधव किंवा काळे मीठ वापरल्याने यात काही वेगळे घडत नाही, कारण तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते.

एक तासाच्या आतल्या व्यायामाला यातले काहीच लागत नाही. साधे पाणी आणि पुढचे जेवण पुरते. आपल्या आमटी-भाजीत, लोणच्यात, पापडात मिठाची कमतरता नसते. मिठाचा प्रश्न उभा राहतो तो व्यायाम दोन तासांच्या पुढे गेला, रोज घडू लागला किंवा माणूस थंड प्रदेशातून नुकताच किनाऱ्यावर आला असेल तेव्हा. दहा ते चौदा दिवस उकाड्यात रोज घाम गाळल्यावर शरीर सरावते. घाम लवकर सुटतो, जास्त येतो, पण घामग्रंथी त्यातले सोडियम परत शोषून घेऊ लागतात आणि तो पातळ होतो. म्हणून पहिल्या आठवड्यात वेग आणि अंतर कमी ठेवणे, हा कोणत्याही पेयापेक्षा अधिक उपयोगी उपाय आहे.

पाणी कमी पडण्याची भीती सर्वांना असते, जास्त होण्याची फारच थोड्यांना. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचे रक्त शर्यत संपताच तपासले गेले, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम धोक्याच्या रेषेखाली आढळले. त्यांच्यात एक खूण ठळक होती: शर्यतीत त्यांचे वजन वाढले होते. चार-पाच तास सावकाश धावणारा माणूस प्रत्येक टेबलापाशी तहान नसतानाही पाणी पीत गेला, तर ते घामापेक्षा जास्त होते, आणि लांब श्रमाच्या वेळी मूत्रपिंड ते नेहमीच्या वेगाने बाहेर टाकत नाहीत. रक्त पातळ होते, मेंदूच्या पेशी फुगतात. डोके ठणकते, उलट्या होतात, बोटांतली अंगठी घट्ट होते, बोलणे असंबद्ध होते, पुढे झटके येतात. पेयातले मीठ इथे बचाव करत नाही, कारण असे पेयही रक्तापेक्षा खूप पातळच असते. बचाव एकच: घामापेक्षा जास्त न पिणे. असा माणूस भोवळ येऊन बसला की भोवतालचे लोक प्रेमाने त्याला आणखी पाणी पाजतात आणि त्याची अवस्था बिघडवतात. वजन वाढलेले असेल किंवा तो सतत पाणी पीत होता हे माहीत असेल, तर पाणी थांबवून त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. उलट अंग अतिशय तापलेले आणि माणूस बरळत असेल, तर तो उष्माघात समजावा. त्यात पिण्याचे पाणी नव्हे, तर अंगावर गार पाणी, बर्फ आणि वारा हवा, आणि तेही रुग्णवाहिकेची वाट न पाहता.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या ज्या औषधांनी पोटॅशियम वाढते ती घेणाऱ्यांनी शहाळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. एका शहाळ्यातले पोटॅशियम त्यांच्यासाठी थोडे नसते. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी पेयात मीठ घालण्याआधीही विचारणे आवश्यक आहे.

घरी आल्यावरचे भरणे निवांत करता येते. नुसते पाणी घटाघट प्यायले, तर रक्त क्षणभर पातळ होते, मेंदूला पाणी पुरेसे झाल्याचा संदेश जातो आणि तूट भरण्याआधीच ते लघवीवाटे निघून जाते. सोबत मीठ असले की पाणी टिकते. वजनात १.३५ किलो घट झालेल्या धावपटूने पुढच्या काही तासांत दोन लिटर घ्यावे: एक शहाळे, मीठ-जिरे घातलेले ताक, नंतर पाणी, आणि त्यांच्या जोडीला पोहे किंवा उपमा, दुपारी वरण-भात आणि लोणचे. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन नेहमीइतके आणि लघवी फिकट पिवळी असेल, तर हिशेब जुळला. वजन किलोभर कमीच असेल आणि लघवी गडद असेल, तर त्या दिवशीची लांब धाव पुढे ढकलावी.