पंधरा मिनिटांत अडलेलं काम कसं सापडतं?

तुमची टीम दोन-तीन देशांत विखुरलेली असेल, तर रोजचा स्टँड-अप तुमच्या चांगल्याच ओळखीचा असेल. प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय आहे? आठ जणांनी दोन-दोन मिनिटं घेतली तरी सोळा मिनिटं होतात, आणि शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर ‘काही नाही’ असंच असतं.

याला स्मरणशक्तीचंही एक कारण आहे. १९७३ साली माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की गटात आळीपाळीने बोलायचं असेल तर आपल्या पाळीच्या लगेच आधी बोललेलं माणसाला सर्वांत कमी आठवतं. त्या वेळी लक्ष स्वतःच्या वाक्यांकडे असतं. म्हणजे अडथळा सांगितला गेला, तरी ज्याने ऐकायला हवा त्याच्या कानावरून तो निसटू शकतो. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत पंधरा मिनिटांची मर्यादा आजही आहे. ते तीन प्रश्न मात्र २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकले आहेत.

अडथळा उशिरा कळला तर किती महाग पडतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, जीनोम-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीमचे काही लोक बोस्टनमध्ये आहेत आणि काही पुण्यात. उन्हाळ्यात पुणं साडेनऊ तास पुढे असतं. पुण्यातल्या सहकारीला सर्व्हरवरच्या एका फोल्डरची परवानगी हवी आहे. सोमवारी सकाळी अकराला ती निरोप पाठवते. बोस्टनमध्ये तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. तिथला सर्व्हर सांभाळणारा सकाळी नऊला निरोप वाचून विचारतो, ‘नेमका कोणता फोल्डर?’ पुण्यात साडेसहा झालेले असतात आणि तिने लॅपटॉप मिटलेला असतो. मंगळवारी ती उत्तर देते, रात्री परवानगी मिळते. पण फक्त वाचण्याची, लिहिण्याची नाही. बुधवारी पुन्हा निरोप. काम सुरू होतं गुरुवारी. समोरासमोर दोन मिनिटांत मिटलं असतं असं काम तीन दिवस अडलं, कारण प्रत्येक प्रश्नोत्तराला एक दिवस लागला.

म्हणून दोन्हीकडचे लोक जागे असतात ती थोडकी वेळ माहिती सांगण्यात घालवू नका. माहिती लिहूनही देता येते. वरच्या टीमचा कॉल बोस्टनच्या साडेआठला, म्हणजे पुण्याच्या सहाला ठेवला, तर त्याआधी अर्धा तास प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या: काय पुढे सरकलं, आणि मी कशासाठी कोणाची वाट पाहतोय. ‘अडथळा आहे का?’ असं विचारलं की माणसाला आपली कमजोरी कबूल केल्यासारखं वाटतं. ‘कोणाची वाट पाहतोयस?’ या प्रश्नात तो सल नाही, आणि उत्तरात नाव आपोआप येतं. ‘सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे’ यावर कोणीच हलत नाही; ‘निकालांच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी हवी, उद्या चाचणी सुरू करायची आहे’ यावर तो सर्व्हरवाला लगेच हलतो.

कॉलमध्ये माणसांची पाळी लावण्याऐवजी कामांचा बोर्ड उघडा आणि उजवीकडून, म्हणजे पूर्ण होण्याच्या जवळ असलेल्या कार्डांपासून सुरुवात करा. तिथलं एक कार्ड सुटलं की त्यावर थांबलेली मागची कामंही सुटतात. प्रत्येक कार्डाला विचारायचं एवढंच: हे पुढे सरकायला काय हवं? सुरळीत चाललेल्या कार्डांवर थांबायचं नाही. एखादी चर्चा मिनिटभरापेक्षा लांबली तर ती बाजूला टिपून ठेवा. बोर्ड संपल्यावर संबंधित दोघं-तिघं थांबतील, बाकीचे मोकळे.

काही अडथळे मात्र कोणी बोलूनच दाखवत नाही. त्यासाठी प्रत्येक कार्ड सध्याच्या रकान्यात किती दिवस आहे, तो आकडा दिसू द्या. तुमच्याकडे एखादं कार्ड साधारण दोन दिवसांत पुढे जात असेल आणि एक चौथ्या दिवशीही तिथेच असेल, तर ‘चालू आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. काय शिल्लक आहे ते विचारा. ‘इतका उशीर का?’ असं मात्र विचारू नका, नाहीतर पुढच्या वेळी लोक कार्डच उशिरा हलवतील आणि तो आकडाही खोटा ठरेल.

स्टँड-अप बिघडतोय हे कसं ओळखायचं? सगळे जण एकाच वरिष्ठाला उद्देशून बोलत असतील, तर तो हजेरीपट झाला आहे. आज सांगितलेली अडचण उद्याच्या लेखी ओळीत जशीच्या तशी आली, तर ती ऐकली गेली पण कोणी उचलली नाही. म्हणून कॉल संपण्याआधी प्रत्येक अडलेल्या कार्डावर सोडवणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहा.

ज्या टीममध्ये प्रत्येकाचं काम स्वतंत्र आहे, तिथे रोजच्या कॉलची गरज नाही. आठवड्यातून दोनदा पुरेसा होतो. आणि कामाचे तास अजिबात जुळत नसतील, तर रोज एकाच बाजूला मध्यरात्री उठवू नका. लेखी ओळी रोज ठेवा, कॉल कमी करा आणि गैरसोयीची वेळ आलटून-पालटून घ्या.