ऑटोमेशनला न जमलेलं काम माणसापर्यंत कसं पोचवायचं? डेड-लेटर क्यू समजून घेऊया

ज्या पत्राचा पत्ताही सापडत नाही आणि पाठवणाराही सापडत नाही, त्याचं टपाल खातं काय करतं? अशी पत्रं एका वेगळ्या कार्यालयात जातात. तिथला अधिकृत कर्मचारी पत्र उघडतो आणि आत काही धागा मिळतो का ते बघतो. या कार्यालयाला पूर्वी 'डेड लेटर ऑफिस' म्हणत, आपल्याकडे आता 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' म्हणतात. सॉफ्टवेअरमधल्या 'डेड-लेटर क्यू'चं नाव तिथूनच आलंय. नाव सगळ्यांनी उचललं, पण शेवटी पत्र उघडणारा माणूस तिथे बसलेला असतो ही गोष्ट बरेच जण विसरतात. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

उदाहरण मी स्वतः बघितलेल्या व्यवस्थेचं घेतो. एका वितरकाकडे पुरवठादारांची बिलं ईमेलने पीडीएफमध्ये येतात. रात्री एक प्रोग्राम प्रत्येक बिलासाठी एक मेसेज क्यूमध्ये, म्हणजे कामांच्या रांगेत टाकतो. दुसरा प्रोग्राम, त्याला वर्कर म्हणू, एकेक मेसेज उचलतो, पीडीएफ वाचतो आणि हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद करतो. समजा एका रात्री 180 बिलं आली. त्यातली 176 सरळ गेली. उरलेल्या चारपैकी एका पीडीएफला पासवर्ड आहे, एकावरचा जीएसटी क्रमांक यादीत नाही, एकाची बेरीज जुळत नाही आणि एक स्कॅन केलेली फाइल इतकी मोठी आहे की ती उघडताना वर्करची मेमरी संपते आणि तो मरतो. या चारचं काय होतं, हा आपला प्रश्न.

रांग अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस सेवेवर आहे असं धरू. तिथे वर्करने मेसेज उचलला म्हणजे तो रांगेतून जात नाही, फक्त थोडा वेळ इतरांना दिसेनासा होतो. या वेळेला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात आणि काहीच न सांगितल्यास ती 30 सेकंद असते. काम झालं की वर्करने मेसेज पुसायचा. पुसला नाही तर वेळ संपल्यावर तो पुन्हा दिसू लागतो आणि पुन्हा उचलला जातो. डेड-लेटर क्यू जोडलेली नसेल तर आपली चार बिलं अशीच रात्रभर फिरत राहतील. चार दिवसांनी, म्हणजे मेसेज ठेवण्याची नेहमीची मुदत संपली की, गुपचूप नाहीशी होतील. कोणाला पत्ताही लागणार नाही. तो लागतो थेट पुरवठादाराचा 'पैसे कधी देताय' असा फोन आल्यावर.

डेड-लेटर क्यू जोडायला मुख्य रांगेवर एवढंच लिहावं लागतं:

```json
{
  "deadLetterTargetArn": "arn:aws:sqs:ap-south-1:123456789012:bills-dlq",
  "maxReceiveCount": 5
}
```

मेसेज पाच वेळा उचलूनही पुसला गेला नाही, तर पुढच्या वेळी तो `bills-dlq` या बाजूच्या रांगेत जातो. इथे एसक्यूएस फक्त 'किती वेळा उचलला' एवढंच मोजते. काम का अडलं हे तिला माहीत नसतं. आणि तिचं खरं बळही त्यातच आहे. मेमरी संपून वर्कर मेला, तर एरर लिहून ठेवणाराच उरत नाही. तुमच्या कोडमधलं एरर पकडण्याचं वाक्य तिथे चालतच नाही. पण उचलल्याची मोजणी बाहेर होत असल्यामुळे ते बिल तरीही बाजूला पडतं.

याच मोजणीमुळे दोन घोटाळे मात्र होतात. पहिला असा, की स्कॅन केलेलं बिल वाचायला 70 सेकंद लागतात आणि टाइमआउट 30 सेकंदांवरच ठेवलाय. पहिला वर्कर काम करत असतानाच मेसेज पुन्हा दिसतो आणि दुसरा वर्कर तो उचलतो. पहिला काम संपवून मेसेज पुसायला जातो, पण त्याच्याकडची पावती आता जुनी झालेली असते, त्यामुळे मेसेज पुसला जाईलच असं नाही. मोजणी वाढत वाढत बिल डेड-लेटर क्यूत पोचतं. हे ओळखायची सोपी खूण आहे: बाजूला पडलेलं बिल हिशोबात बघा. नोंद आधीच झालेली दिसली तर दोष बिलात नाही, टाइमआउटमध्ये आहे. सगळ्यात सावकाश कामाला लागतो त्यापेक्षा तो भरपूर जास्त ठेवायचा.

दुसरा घोटाळा जास्त त्रासदायक. रात्री हिशोबाचा सर्व्हर देखभालीसाठी 40 मिनिटं बंद आहे. टाइमआउट दोन मिनिटांचा असेल तर पाच प्रयत्न साधारण 0, 2, 4, 6 आणि 8 व्या मिनिटाला होतात. म्हणजे दहाएक मिनिटांत त्या वेळी फिरणारी सगळी बिलं बाजूला. सकाळी बघणाऱ्यासमोर चारऐवजी दीडशे बिलं आणि त्यातली खरी अडलेली चार कुठली ते समजत नाही. असं दोनदा झालं की माणूस ती यादी उघडणंच सोडून देतो. म्हणून सर्व्हर बंद असल्याची एरर आली, की वर्करने `ChangeMessageVisibility` वापरून पुढच्या प्रयत्नाआधीची वाट वाढवत न्यावी: 5, 10, 20, 40 मिनिटं. मग प्रयत्न 0, 5, 15, 35 आणि 75 व्या मिनिटाला होतात आणि 40 मिनिटांचा खंड सहज निघून जातो.

पासवर्डवाल्या पीडीएफला मात्र 75 मिनिटं थांबून काय मिळणार? पासवर्ड तिथेच राहणार. त्यामुळे मी अपयशाला दोन दारं ठेवण्याच्या मताचा आहे. ज्या अडचणी आपल्याला आधीच माहीत आहेत आणि पुन्हा प्रयत्न करून सुटणार नाहीत, त्या वर्करने पहिल्याच झटक्यात माणसाच्या यादीत टाकाव्यात. डेड-लेटर क्यू ठेवावी ती आपल्याला न सुचलेल्या अपयशांसाठी. आपल्या उदाहरणात तीन बिलं पहिल्या दाराने जातात आणि मेमरी खाणारं एकटं दुसऱ्या.

हे करताना क्रम सांभाळा. आधी यादीत नोंद, मग रांगेतून मेसेज पुसणं. उलट केलं आणि मधेच वर्कर बंद पडला, तर बिल ना रांगेत ना यादीत. बरोबर क्रमात जास्तीत जास्त काय होईल? तेच बिल यादीत दोनदा येईल. ते बिल क्रमांकावरून ओळखता येतं.

यादीत काय लिहायचं, यावर सगळं अवलंबून आहे. हे बघणारी व्यक्ती प्रोग्रामर नसते, हिशोब सांभाळणारी असते. तिला `KeyError: 'gstin'` दाखवून उपयोग नाही. पुरवठादाराचं नाव, बिल क्रमांक, रक्कम, मूळ पीडीएफची लिंक आणि एक सरळ वाक्य: 'या बिलावरचा जीएसटी क्रमांक आपल्या यादीत नाही. पुरवठादाराला विचारा किंवा नवीन नोंद करा.' सोबत दोन बटणं: 'दुरुस्त केलं, पुन्हा चालव' आणि 'हाताने नोंद केली, बंद कर'. दुसरं बटण नसेल तर हाताने नोंदवलेलं बिलही कोणीतरी पुन्हा चालवतं.

डेड-लेटर क्यूत पडलेल्या मेसेजबरोबर कारण येत नाही, कारण एसक्यूएसला ते माहीतच नसतं. त्यासाठी वर्करने काम सुरू करतानाच बिल क्रमांक आणि मेसेजचा आयडी लॉगमध्ये लिहावा. लॉगमध्ये 'सुरू केलं' पाच वेळा आहे आणि 'संपलं' किंवा 'एरर' एकदाही नाही, असं दिसलं की वर्कर मधेच मेला हे कळतं.

आता माणसाला कळवायचं कसं? बरेच जण डेड-लेटर क्यूवर `NumberOfMessagesSent` या आकड्याचा अलार्म लावतात. तो वाजतच नाही, कारण एसक्यूएसने स्वतः हलवलेले मेसेज त्या आकड्यात धरले जात नाहीत. `ApproximateNumberOfMessagesVisible` बघायचा आणि तो शून्याच्या वर गेला की कळवायचं. पण इथेही एक मेख आहे. हा अलार्म स्थिती बदलली तरच निरोप पाठवतो. सोमवारी आलेलं एक बिल कोणी हलवलं नाही, तर अलार्म लालच राहतो आणि मंगळवारी आणखी सहा आली तरी नवा निरोप येत नाही. म्हणून मला अलार्मपेक्षा रोज सकाळी दहाला जाणारा ईमेल जास्त भरवशाचा वाटतो: 'आज प्रलंबित 7, सर्वात जुनं 2 दिवसांचं.' तो एका ठरलेल्या व्यक्तीला जावा, आणि ती रजेवर असेल तर कोणाला हेही ठरलेलं असावं. सगळ्या टीमच्या ग्रुपवर टाकलेला निरोप प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटतो.

मुदतीचंही बघा. साध्या रांगेत मेसेजचं वय मूळ रांगेत आल्यापासून मोजलं जातं आणि तो बाजूला गेल्यावरही तेच पुढे चालू राहतं. दोन्ही रांगांची मुदत चार दिवस असेल आणि मेसेजने मुख्य रांगेत एक दिवस घालवला असेल, तर बाजूच्या रांगेत उरतात तीनच दिवस. दिवाळीच्या सुट्टीत एवढे सहज जातात. बाजूच्या रांगेची मुदत कमाल मर्यादेवर, 14 दिवसांवर न्या:

```
aws sqs set-queue-attributes \
  --queue-url https://sqs.ap-south-1.amazonaws.com/123456789012/bills-dlq \
  --attributes MessageRetentionPeriod=1209600
```

वर्करची मेमरी वाढवली, आता ते मोठं बिल परत पाठवायचंय. त्यासाठी ही आज्ञा आहे:

```
aws sqs start-message-move-task \
  --source-arn arn:aws:sqs:ap-south-1:123456789012:bills-dlq
```

यात निवड करता येत नाही, बाजूच्या रांगेतले सगळे मेसेज मूळ रांगेत जातात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. दोष दूर न करता ही आज्ञा दिली तर पाच प्रयत्नांनंतर सगळं पुन्हा तिथेच.

आणि ती देण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. एखादं बिल नोंदलं गेलं, पण उत्तर यायच्या आत जोडणी तुटली, तर वर्करच्या लेखी ते अपयशच असतं. ते पुन्हा चाललं की नोंद दोनदा होते आणि पैसेही दोनदा जाऊ शकतात. त्यामुळे पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष हे तिन्ही मिळून एकदाच नोंदवता येतील, असं बंधन हिशोबाच्या डेटाबेसमध्येच घाला. नुसतं कोडमध्ये 'आधी आहे का' तपासून भागत नाही. दोन वर्करनी एकाच क्षणी तपासलं तर दोघांनाही 'नाही' असंच उत्तर मिळतं.