पहिल्या पाळीला येता येत नसेल तर

चाकणच्या एखाद्या कारखान्यात पहिली पाळी सकाळी 7 ला सुरू होते असं धरू. चार नंबरच्या मशीनवरच्या ऑपरेटरला पहाटे 3 ला थंडी वाजून ताप भरतो. कामावर जाणं शक्य नाही, हे त्याला तेव्हाच कळतं. तो शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आज येत नाही’ असं टाकतो आणि झोपतो. कळवलं, असं त्याला मनापासून वाटत असतं.

सुपरवायझर मात्र पावणेसातला गेटवर पोचल्यावर मोबाइल उघडतो. तोवर कंपनीची बस येऊन गेलेली असते, म्हणजे घरी असलेल्या बदली माणसाला आता वेळेत आणणं कठीण. उरतो तो रात्रपाळीचा ऑपरेटर. त्याला ओव्हरटाइमसाठी थांबवायचं तर तो पंच करून बाहेर पडायच्या आत विचारावं लागतं, आणि रात्रभर उभ्या असलेल्या माणसाला ऐनवेळी असं विचारणं जिवावर येतं.

म्हणून किती आधी कळवायचं, हे पाळी सुरू होण्याच्या वेळेवरून ठरवून चालत नाही. बदली माणूस घरून निघण्याची वेळ धरायला हवी. बस सव्वासहाला सुटत असेल, तर पाच-सव्वापाचला फोन जायलाच हवा. पहाटे साहेबांची झोप कशी मोडायची, हा संकोच बहुतेकांना असतो. पण खोळंबलेली लाइन साहेबांना जास्त महागात पडते. पहाटे 3 ला मेसेज टाकायला हरकत नाही, फक्त पाचचा गजर लावूनच पडावं.

ग्रुपवरच्या खुणांवर विसंबू नये. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये निळ्या टिका सगळ्यांनी वाचल्यावरच दिसतात, त्यामुळे सुपरवायझरने पाहिलं की नाही हे त्यावरून उमगत नाही. फोन उचलला नाही, तर दहा मिनिटांनी पुन्हा करावा, मग लाइन लीडरला करावा. बोलणं झाल्यावर सुपरवायझरच्या नंबरवर मेसेज टाकावा: ‘सर, ताप आहे. आज फर्स्ट शिफ्टला येत नाही. मशीन 4. रात्रीचा जॉब अर्धवट आहे, ड्रॉइंग टेबलावर ठेवलंय. उद्याचं दुपारी 4 पर्यंत सांगतो.’ शेवटचं वाक्य फार मोलाचं, कारण उद्याची माणसं दुपारीच लावली जातात.

ईमेलचं काम यानंतरचं. टाइम ऑफिसला फोनवरचं बोलणं दिसत नाही. रजेचा अर्ज किंवा मेल गेला नाही, तर हजेरीपटावर गैरहजेरी लागून दिवस बिनपगारी जाऊ शकतो. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून तो त्याच दिवशी पाठवलेला बरा.

ऑफिसात, जिथे काम दुपारवर ढकलता येतं, तिथे सकाळचा मेल किंवा चॅट बहुधा पुरतो. 11 ची मीटिंग त्या माणसाविना अडणार असेल, तर तिथेही फोनच करावा.