मालकाचा बायोडेटा

धंदा बंद करून नोकरी शोधायला निघालेल्या माणसाला सर्वांत मोठी धास्ती असते ती अपयशाच्या शिक्क्याची. धंदा बुडालेला माणूस कोण ठेवून घेईल, या विचाराने तो आधीच अर्धा खचलेला असतो. पण नोकरी देणाऱ्यांच्या मनात खरी शंका असते ती वेगळीच.

येल विद्यापीठाचे ट्रिस्टन बोटेल्हो आणि संशोधिका मेलडी चँग यांनी अमेरिकेत याची प्रत्यक्ष चाचणी घेतली. सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या जागांसाठी त्यांनी तयार केलेले बायोडेटा कंपन्यांकडे धाडले. काही उमेदवार कायम नोकरीतच राहिलेले, काहींनी स्वतःची कंपनी काढलेली. २०२२ साली ‘ऑर्गनायझेशन सायन्स’मध्ये आलेल्या या अभ्यासात कंपनी काढलेल्यांना मुलाखतीसाठी ४३ टक्के कमी बोलावणी आली. त्याहून चकित करणारी बाब पुढे होती. ज्यांची कंपनी यशस्वी झाली त्यांना, ज्यांची फसली त्यांच्यापेक्षा ३३ टक्के कमी बोलावणी आली. म्हणजे फसलेला धंदा हा मुख्य अडसर नव्हताच. हा माणूस कुणाच्या हाताखाली काम करेल का आणि टिकेल का, ही धाकधूक भरती करणाऱ्यांना होती. यशस्वी माणूस पुन्हा धंद्याकडे वळण्याची शक्यता त्यांना जास्त वाटली.

हा अभ्यास अमेरिकेतला आणि एकाच क्षेत्रातला असला, तरी आपल्याकडच्या मुलाखतीत विचारला जाणारा ‘परत स्वतःचं काही सुरू करणार नाही ना?’ हा प्रश्न त्याच शंकेतून येतो. त्यामुळे बायोडेटापासून कागदपत्रांपर्यंत सगळी तयारी या शंकेला उत्तर देणारी हवी.

समजा, भोसरीच्या एमआयडीसीत एकाचं जॉबवर्कचं छोटं युनिट होतं. तीन सीएनसी टर्निंग मशीन, नऊ कामगार, वाहनांच्या सुट्या भागांचं काम. बहुतेक काम एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचं. त्या गिऱ्हाइकाने काम दुसरीकडे हलवलं, वर्षभर ओढाताण झाली आणि अकराव्या वर्षी युनिट बंद पडलं. आता हा गृहस्थ नोकरीसाठी अर्ज करतो आणि बायोडेटावर पहिल्याच ओळीत लिहितो, ‘प्रोप्रायटर, अकरा वर्षं. उत्पादन, विक्री, हिशेब, मनुष्यबळ असा सर्व कारभार पाहिला.’

यातला शब्द न् शब्द खरा आहे, तरी वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कारखान्यात ‘सर्व कारभार’ नावाची जागा नसते. जागा असते उत्पादनाची, खरेदीची, गुणवत्तेची किंवा पुरवठादार तयार करण्याची, ज्याला कारखान्यात ‘व्हेंडर डेव्हलपमेंट’ म्हणतात. या माणसाला सर्वांत जवळची जागा ही शेवटची. कारण मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी ज्या टेबलासमोर बसून भाव पाडतो, त्या टेबलाच्या पलीकडे हा अकरा वर्षं बसलेला आहे.

मुलाखतीत त्याच्यासमोर एका शाफ्टचं ड्रॉइंग ठेवलं आणि टर्निंगचा भाव काढायला सांगितला, असं धरू. मशीनचा तासाचा दर ४०० रुपये, एका नगाला चढवण्या-उतरवण्यासह तीन मिनिटं. कागदावरचं गणित सोपं आहे: तासाला २० नग, म्हणून नगाला २० रुपये. पण शॉप चालवलेल्याला ठाऊक असतं की चहाची सुट्टी, इन्सर्ट बदलणं, मधूनमधून माप तपासणं हे सगळं त्याच तासात बसतं. तो ८५ टक्के कार्यक्षमता धरतो, तासाला १७ नग मोजतो आणि भाव सांगतो साडेतेवीस रुपये. शिवाय वीस रुपयांना काम घेणारा पुरवठादार काही महिन्यांत एक तर माप बिघडवेल किंवा माल वेळेवर देणार नाही, हेही तो बजावतो. खरेदी खात्याला हवा असतो तो असा माणूस.

म्हणून बायोडेटातला हुद्दा कामाच्या भाषेत लिहायचा, ‘उत्पादन व कॉस्टिंग प्रमुख (स्वतःचे युनिट)’ असा. मालकी लपवायची नाही. पण नऊ माणसांच्या युनिटचा ‘सीईओ’ म्हणूनही मिरवायचं नाही. खाली चार-पाच ओळी पुरतात, फक्त त्यांत आकडे हवेत: महिन्याला किती नग, रिजेक्शन किती होतं आणि कितीवर आणलं, किती गिऱ्हाइकांचं ऑडिट पार पडलं. ज्या जागेसाठी अर्ज आहे तिच्याशी संबंध नसलेला कारभार एका ओळीत आटोपावा.

धंदा का बंद झाला, याचं उत्तरही दोन-तीन वाक्यांत संपावं. ‘काम एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून होतं, ते गेलं. नवं काम उभं करायला लागणारं भांडवल कर्जाने उभारायचं नाही असं ठरवलं आणि कामगारांची देणी भागवून युनिट बंद केलं.’ जे खरं असेल तेवढंच बोलावं. गिऱ्हाइकाला, सरकारला किंवा भागीदाराला दोष देत बसलेला उमेदवार उद्या आपल्याबद्दलही असंच बोलेल, असं समोरच्याला वाटतं.

मुलाखत जिंकूनही पुष्कळ जण अडखळतात ते कागदपत्रांपाशी. निवड झाल्यावर कंपनी रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागते. मालकाकडे यातलं एकही नसतं. त्याऐवजी गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, जीएसटी नोंदणी, मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि सीएचं पत्र देता येतं. आधीच्या पगाराचा रकाना आला की विवरणपत्रातला नफा सांगावा आणि ‘आयटीआरनुसार’ असं स्पष्ट म्हणावं. उलाढालीचा आकडा पगार म्हणून सांगितला, तर पडताळणीत तो टिकत नाही.

याहून महत्त्वाचा कागद आहे धंदा बंद झाल्याचा. जीएसटी नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत दिसतात. शटर दोन वर्षांपूर्वी पडलं, पण नोंदणी अजून ‘ॲक्टिव्ह’ दिसते, असं झालं की पडताळणी करणारी संस्था उमेदवाराचा दुसरा धंदा चालू असल्याचा शेरा मारू शकते. ‘टिकेल का’ ही जी शंका मुलाखतीत महत्प्रयासाने दूर केली, ती इथे परत उभी राहते. म्हणून जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा, रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावं आणि रद्द झाल्याचा आदेश जपून ठेवावा. बँकेत किंवा वित्तसंस्थेत अर्ज असेल तर सिबिल अहवालही आधीच पाहून घ्यावा; थकलेल्या धंद्याच्या कर्जाची नोंद तिथे सापडतेच.

उरतो तो संदर्भ. नोकरदार आपल्या साहेबाचं नाव देतो. मालकाला साहेबच नसतो. त्याच्या कामाची खात्री देऊ शकतो तो गिऱ्हाइकाकडचा खरेदी किंवा गुणवत्ता अधिकारी, ज्याने वर्षानुवर्षं त्याचा माल तपासला. पण असे अधिकारी बदलतात, कंपनी सोडतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी त्यांना शोधणं अवघड होतं. त्यामुळे धंदा आवरायचं ठरलं असेल, तर किती वर्षं, कोणता माल, कसा पुरवठा एवढं नमूद केलेलं पत्र गिऱ्हाइकाच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, शेवटची डिलिव्हरी देतानाच मागून घ्या.